एक अधिक एक, कधीकधी एकच

संगणक बेरीज चुकत नाही, हे आपण गृहीतच धरून चालतो. सी भाषेतल्या या तुकड्यातही चुकण्यासारखं काही दिसत नाही. `total` नावाच्या आकड्यात तो दहा लाख वेळा एक मिळवतो.

```c
long total = 0;

void *work(void *arg) {
    for (int i = 0; i < 1000000; i++)
        total++;
    return NULL;
}
```

आता हेच काम दोन थ्रेडना एकदम द्यायचं. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी ही दोन स्वतंत्र कामं, पण मेमरी सामाईक, म्हणजे `total` दोघांचा एकच. उत्तर वीस लाख यायला हवं. प्रत्यक्षात ते एकदा बारा लाखांच्या घरात येतं, पुन्हा चालवलं की पंधरा लाखांच्या, आणि मध्येच एखाद्या वेळी चक्क बरोबर. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

गोम `total++` मध्ये आहे. आपल्याला ती एक कृती दिसते, प्रोसेसरसाठी त्या तीन असतात: मेमरीतला आकडा वाचणं, त्यात एक मिळवणं, आलेला आकडा परत लिहिणं. समजा `total` ४१ आहे. पहिल्या थ्रेडने ४१ वाचले. त्याने ४२ लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही ४१ वाचले. मग पहिल्याने ४२ लिहिले आणि दुसऱ्यानेही ४२च लिहिले. मिळवणी दोनदा झाली, आकडा मात्र एकानेच वाढला. याला रेस कंडिशन म्हणतात. कोणाचं वाचणं कोणाच्या लिहिण्याआधी पडेल, हे ऑपरेटिंग सिस्टिम कुठल्या क्षणी कोणाला थांबवते आणि प्रोसेसरचे कोअर त्या वेळी काय करत आहेत यावर ठरतं. म्हणून दर वेळी उत्तर वेगळं.

नुकसान किती व्हावं? तत्त्वतः उत्तर फक्त २ येऊ शकतं. पहिला थ्रेड ० वाचून थबकतो. दुसरा आपली एक सोडून सगळी मिळवणी उरकतो. मग पहिला जागा होतो आणि जुन्या शून्यात मिळवलेला १ लिहून दुसऱ्याचं सगळं पुसून टाकतो. दुसरा शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचून थबकतो, तेवढ्यात पहिला आपलं काम संपवतो, आणि अखेर दुसरा २ लिहितो. असं घडणं जवळपास अशक्य, पण त्याला मनाई करणारं कोडमध्ये काहीच नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. `-O2` हा पर्याय देऊन कंपाइल केलं की हुशार कंपाइलर सगळी फेरी गुंडाळतो आणि एकदम दहा लाख मिळवतो. आता धक्का लागायला क्षणभराचीच संधी उरते, त्यामुळे चाचणीत उत्तर सारखं वीस लाखच येत राहतं. दोष मात्र जागच्या जागी. शोधायला मध्ये `printf` घातलं तर वेळेचं गणित बदलतं आणि तो पुन्हा दडी मारतो. त्यामुळे उत्तरं बघत बसण्यापेक्षा `-fsanitize=thread` लावून कंपाइल करावं. तो पर्याय मेमरीवरच्या नजरा ठेवतो आणि कोणत्या ओळींत दोन थ्रेड आडवे आले ते सांगतो.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा देणारी प्रणाली त्याआधी तासाभराहून अधिक काळ मुकी होती, आणि कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कारण हेच निघालं: एकाच माहितीवर दोघांनी एकदम लिहिलं आणि प्रणाली अडकली. वीज जाण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, पण बिघाड वेळेत कळला नाही तो त्यामुळे.

यावरचा उपाय म्हणजे लॉक.

```c
pthread_mutex_lock(&lock);
total++;
pthread_mutex_unlock(&lock);
```

एका वेळी एकाच थ्रेडला लॉक मिळतो, दुसरा तोवर ताटकळतो. तीन कृती मध्ये कोणी न शिरता पुऱ्या होतात आणि उत्तर दर वेळी वीस लाख येतं. पण ‘लॉक मोकळा आहे का’ हे पाहणं आणि तो घेणं यातही तीच फट नाही का? असती, म्हणून प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास सूचना असते. वाचणं आणि लिहिणं ती अखंड करते, अर्ध्यात कोणी घुसू शकत नाही.

लॉक ही शिस्त आहे, कुंपण नव्हे. तिसऱ्या कुठल्या फंक्शनने लॉक न घेता `total` ला हात लावला किंवा दुसराच लॉक घेतला, तर कंपाइलर सहसा हूं की चूं करत नाही. शिवाय इथे वीस लाख वेळा लॉक घ्यायचा आणि सोडायचा आहे. इतक्या झटापटीत दोन थ्रेड एकट्या थ्रेडपेक्षाही सावकाश चालतात. त्यापेक्षा प्रत्येक थ्रेडने आपली मोजणी आपल्याच खासगी आकड्यात करावी आणि शेवटी एकदाच लॉक घेऊन ती `total` मध्ये ओतावी. मग लॉक लागतो तो फक्त दोनदा.