तीनशेवरून दोनशेसत्तर

पॉवर प्रेसजवळ उभं राहिलं की आधी पंच पट्टीतून आरपार गेल्याचा दणका कानावर येतो. त्यामागोमाग फ्लायव्हीलचा घुमणारा आवाज जरासा बसतो आणि पुढच्या दणक्यापर्यंत पुन्हा चढतो. प्रेसची तब्येत मला या दुसऱ्या आवाजावरून कळते. प्रत्येक दणक्याला चाक किती मंदावतं आणि वेळेत सावरतं का, हे तो सांगत असतो.

एक जॉब घेऊ. १० मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी आणि तिच्यात २५ मिमी व्यासाचं भोक. कातरली जाते ती भोकाची आतली भिंत, म्हणजे सुमारे ७८५ चौरस मिमी. हे पोलाद कातरायला दर चौरस मिमीला साधारण ३५० न्यूटन जोर लागतो. म्हणून पंचवर सर्वाधिक जोर येतो तो २,७५,००० न्यूटन, अंदाजे २८ टन.

पण हा जोर पूर्ण १० मिमी टिकत नाही. पडलेल्या भोकाच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहा. पंच शिरला त्या बाजूचा तिसरा हिस्सा गुळगुळीत आणि चकचकीत लागतो, पुढचा खरखरीत. गुळगुळीत भाग कातरलेला असतो, खरखरीत भाग तडा जाऊन तुटलेला. तडा गेला की जोर उतरतो, म्हणून हिशेबात सरासरी निम्माच जोर धरतात. निम्मा जोर गुणिले ०.०१ मीटर, म्हणजे सुमारे १,३७५ ज्यूल. घर्षण धरून १,५००. सिमेंटची ५० किलोची गोणी ३ मीटर वर चढवायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते.

अडचण आहे ती वेळेची. प्रेस मिनिटाला ३० स्ट्रोक मारते, म्हणजे एका स्ट्रोकला २ सेकंद. त्यातले भोक पाडण्याचे फक्त ०.२ सेकंद. सगळी ऊर्जा तेवढ्यात मोटरकडून घ्यायची तर १० हॉर्सपॉवरची मोटर लागेल, आणि उरलेला वेळ ती जवळजवळ रिकामी फिरेल. हेच १,५०० ज्यूल पूर्ण २ सेकंदांत पसरले तर ७५० वॅट, म्हणजे १ हॉर्सपॉवर पुरते.

आता चाकाचा जमाखर्च मांडू. चाकाच्या कडेचं वजन ९० किलो, त्रिज्या ४० सेंमी, वेग मिनिटाला ३०० फेरे. त्यात सुमारे ७,१०० ज्यूल साठलेले असतात. भोक पडताना मोटर ०.२ सेकंदात १५० ज्यूल देते, उरलेले १,३५० चाकातून जातात. साठा ५,७५० वर येतो आणि वेग २७० वर. साठा वेगाच्या वर्गावर ठरतो, म्हणून वेग १० टक्के उतरला तरी ऊर्जा १९ टक्के निघते. मग उरलेल्या १.८ सेकंदांत मोटर ७५० वॅटने बरोबर १,३५० ज्यूल परत भरते आणि चाक ३०० वर येतं. अशा कामाला जास्त स्लिपची मोटर बसवतात ती यासाठीच. साधी मोटर वेग एवढा उतरला की भरमसाठ करंट खेचते.

पंच बोथट झाला किंवा पट्टी कडक आली, आणि एका भोकाला १,८०० ज्यूल लागू लागले तर? मोटर तेवढ्याच ताकदीने चालली, तर दर स्ट्रोकला ३०० ज्यूलची तूट पडते. चाक ३०० पर्यंत पोचण्याआधीच पुढचा दणका बसतो. प्रत्यक्षात मंदावलेली मोटर जास्त करंट ओढून ही तूट भरू पाहते. म्हणून अँपमीटरचा काटा दोन दणक्यांच्या मध्ये खाली येईनासा होतो, मोटर तापते, बेल्ट घसरून करपल्याचा वास येतो आणि शेवटी ओव्हरलोड रिले ट्रिप होतो.

अशा वेळी ड्राइव्हवरून मोटरचा वेगच निम्मा करण्याचा मोह होतो. तो टाळावा, हे मी कळकळीने सांगतो. १५० फेऱ्यांना चाकात निम्मी नव्हे, पाव ऊर्जा उरते, म्हणजे १,७७५ ज्यूल. पहिल्याच्या साध्या जॉबलाही त्यातले १,३५० जातात आणि चाक ७३ फेऱ्यांवर कोसळतं. कडक पट्टी आली तर ते पंच पट्टीतच ठेवून थांबेल. टनेज पुरेसं असूनही प्रेस खाली अडकते ती अशी, आणि अडकलेली प्रेस सोडवण्यात अख्खी पाळी जाऊ शकते.

चाक ३०० वरच ठेवावं आणि क्लच एकेका स्ट्रोकपुरता लावून मध्ये उसंत द्यावी. १,८०० ज्यूल ७५० वॅटने भरायला २.४ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला २५ भोकं. चाक प्रत्येक वेळी २६३ पर्यंत उतरेल, पण पुढच्या दणक्याआधी ३०० वर पोचलेलं असेल. तेवढ्यात पंचला धार लावायला टूलरूमला निरोप धाडावा.