आधी झोप, मग समुद्र

दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर संपला आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन विषय एकदमच सुरू झाले. सुट्टीत कुठे निघालात, हा पहिला. अकरावीची व्हेकेशन बॅच सोमवारपासून आहे, नाव घातलंत का, हा दुसरा. बारावीच्या मुलांपुढे सीईटी आणि नीट उभ्या असल्याने त्यांचं गणित वेगळं आहे. दहावीवाल्यांना मात्र निकालापर्यंत खराखुरा मोकळा वेळ मिळतो, आणि त्याचा पहिला आठवडा आपण हमखास वाया घालवतो. पेपर दुपारी संपतो, रात्री बॅगा भरतात आणि पहाटे चारला गाडी निघते. मूल मागच्या सीटवर मान टाकून झोपतं आणि पुढच्या सीटवरून आवाज येतो, "अरे, घाट बघ ना, एवढं आणलंय तुला!"

या मुलाला घाट आत्ता नकोय. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री एकपर्यंत जागून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाला पाच तास झोप मिळते. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तासांची शिफारस केली आहे. म्हणजे रोज तीन ते पाच तासांची तूट पडते, आणि तीही कित्येक आठवडे.

या वयाच्या झोपेबद्दल मेरी कार्स्कॅडन या संशोधिकेचं काम पालकांनी आवर्जून समजून घ्यावं असं आहे. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी मुलांची उन्हाळी निद्राशिबिरं घेतली. मुलांना रोज रात्री दहा तास अंथरुणात राहायची मुभा होती. वय वाढेल तशी झोपेची गरज कमी होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात लहान काय आणि मोठी काय, सगळीच मुलं सव्वानऊ तासांच्या आसपास झोपली. उलट वयात आलेल्या मुलांना तेवढं झोपूनही दिवसा जास्त पेंग येत होती. पुढच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षी रात्री अकराच्या आधी झोप न येणं हा आळस नसतो, ती शरीराची घडण असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांसाठी ते चांगलंच झालं, पण माझ्या मते हा नियम सगळ्यात आधी नववी-दहावीला लागू व्हायला हवा होता.

साठलेली तूट तासाला तास अशी फेडावी लागत नाही. शरीर आधी गाढ झोप वसूल करतं, स्वप्नांची झोप त्यानंतर. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मूल अकरा-बारा तास झोपलं तरी घाबरू नका. साधारण आठवड्याभरात ते नऊ तासांवर येतं. गजर नसताना रोज जवळपास एकाच वेळी जाग येऊ लागली आणि दुपारचं जेवण झाल्यावर डोळे मिटेनासे झाले, की तूट भरली असं समजावं.

गडबड होते ती दुसऱ्याच गोष्टीने. तास पुरेसे मिळतात, पण वेळ सरकत जाते. फोनवर तीन वाजतात, जाग दुपारी बाराला येते, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडतच नाही आणि शरीराचं घड्याळ रोज थोडं आणखी मागे पडतं. याला फार कडक नियम लागत नाहीत. पहिले तीन-चार दिवस मोकळीक द्या. मग दहाच्या सुमारास खोलीचे पडदे उघडा, चहा किंवा दूध घेऊन गॅलरीत बसवा, आणि रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. आईवडिलांनी आपलेही फोन तिथेच ठेवले, तर त्यावर वाद होत नाही.

आता सहलीचं बघू. पुण्यातलं तिघांचं घर समजा, आईवडील आणि दहावीची लेक. पेपर बुधवारी संपला, तर निघायचं पुढच्या मंगळवारी. मधल्या दिवसांत झोप, मित्र आणि हवं ते खाणं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत दापोलीकडच्या किनाऱ्यावर गर्दी कमी असते. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड या रस्त्याने पाच-सहा तास लागतात, तेव्हा नाश्ता करून दहाला निघावं, माणगावला जेवावं आणि उन्हं कलायच्या आत मुरूड किंवा आंजर्ल्याला पोचावं. मुक्काम तीन रात्रींचा आणि एकाच ठिकाणी. रोज खोली बदलणाऱ्या सहलीत रोज सकाळी बॅगा भरायची घाई असते, आणि तीच तर टाळायची आहे.

घरगुती निवासाची खोली ठरवताना मालकिणीला एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: "काकू, लेकीचा नाश्ता दहाला चालेल का?" आंबोळी किंवा घावन गरम करून द्यायला बहुतेक काकूंची हरकत नसते. मोठ्यांनी सातला हळूच दार ओढून किनाऱ्यावर जावं आणि नऊला परतावं. लेक तेव्हाही झोपलेलीच असेल. त्या दोन तासांत पालकांचं चालणंही होतं आणि तिच्या भविष्याबद्दलचं बोलणंही, तिच्या कानावर न पडता. मार्चमध्ये दुपारी ऊन आणि दमट हवा नकोशी होते, तेव्हा अकरा ते चार सावलीत पत्ते, पुस्तक, सोलकढी आणि पुन्हा एक झोप. दिवसाकाठी बाहेरची एकच गोष्ट करा. एका दिवशी हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळी लिलाव, दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. कोणती आधी आणि कोणती नकोच, हे लेकीला ठरवू द्या. वर्षभर तिचा प्रत्येक तास दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला होता.

पालकांची काळजी खोटी नसते, आणि "टेन्शन घेऊ नका" म्हटल्याने ती जातही नाही. तिला एक तारीख द्यावी. क्लास, शाखा, कॉलेज यांवर परत आल्यानंतरच्या रविवारी बोलू, असं निघण्याआधीच मुलीला सांगून टाका आणि तोवर शब्द पाळा. पेपर तपासायला गेलेत, निकाल मे महिन्याच्या आसपास लागेल. मधल्या काळात प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन गुणांची बेरीज केल्याने एक गुणही वाढत नाही, आणि मूल जेवणाच्या टेबलावरून लवकर उठू लागतं ते मात्र याच बेरजांमुळे.

एका बाबतीत डोळे उघडे ठेवायला हवेत. दोन आठवडे पुरेशी झोप होऊनही मूल थकलेलंच राहिलं, मित्र नकोसे झाले, जेवण तुटलं किंवा सगळं निरर्थक असल्याची भाषा येऊ लागली, तर तो केवळ परीक्षेचा शीण नसू शकतो. तेव्हा डॉक्टरांना भेटा. जगणंच नको अशी भाषा कानावर आली, तर दोन आठवडे थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

राहिला प्रश्न सोमवारच्या बॅचचा. फी भरण्याआधी क्लासला सरळ विचारा, मूल पंधरा दिवस उशिरा आलं तर चालेल का? दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पंधरा दिवस भरून निघतात. जो क्लास याला नाही म्हणेल, तो पुढची दोन वर्षंही मुलाच्या झोपेचा विचार करणार नाही, हे आत्ताच कळलेलं बरं.