दुकानाचा डॅशबोर्ड: तीन आकडे, एक आलेख आणि दिवाळीचा घोळ

21 ऑक्टोबर 2026 ची सकाळ आहे, असं समजा. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी परिसरातल्या एका दुकानात पैठणी आणि हिमरू शाली विकल्या जातात. मालक फोनवर विक्रीचा डॅशबोर्ड उघडतात. वर लाल अक्षरांत लिहिलेलं दिसतं: या महिन्यात आतापर्यंत 14 लाख, गेल्या वर्षी याच तारखेपर्यंत 38 लाख, म्हणजे 63 टक्के घट. मालक घाबरतात आणि दुपारपर्यंत दारात 'भव्य सूट'चा फलक लागतो.

हे दुकान आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण चूक अगदी रोजच्या व्यवहारातली आहे. धंदा बसलेला नाही. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, म्हणजे त्या तारखेपर्यंत दिवाळीची सगळी खरेदी उरकली होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आल्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. खरेदीची मोठी लाट अजून यायची आहे. डॅशबोर्डची बेरीज बरोबर होती, तुलना चुकीच्या दिवसाशी होती.

तुलना कोणत्या दिवसाशी?

बहुतेक तयार डॅशबोर्ड 'हा महिना विरुद्ध गेल्या वर्षीचा हाच महिना' अशी तुलना करतात. साबण किंवा तेल विकणाऱ्याला ती बऱ्यापैकी चालते. ज्याचा गल्ला सणावर भरतो, त्याला नाही. अशा दुकानाला विचारायला हवं की लक्ष्मीपूजनाला 18 दिवस उरले असताना गेल्या वर्षी विक्री किती होती. 2025 मध्ये तो दिवस होता 3 ऑक्टोबर. दसराही याच हिशेबाने सरकतो. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला होता आणि 2026 मध्ये 20 ऑक्टोबरला आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना दसरा नुकताच होऊन गेलेला असतो. आता तुलना बरोबरीची झाली.

दुसरा प्रश्न किती दिवसांची बेरीज घ्यायची याचा आहे. इथे शहराचा स्वतःचा एक ठेका आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. पर्यटकांना हिमरू शाल विकणाऱ्या दुकानाचे हे दोन वार वेगळे जाणार आणि शनिवार-रविवार वेगळे. '1 तारखेपासून आजपर्यंत' अशी बेरीज घेतली, तर एका वर्षी तीत तीन रविवार येतात आणि दुसऱ्या वर्षी दोनच. त्यापेक्षा सलग 28 दिवसांची बेरीज घ्यावी. 28 दिवस कुठूनही मोजले तरी प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. त्यामुळे सणाच्या हिशेबाने तारीख कितीही सरकवली, तरी वारांचा फरक आपोआप मिटतो.

गूगल शीट्समध्ये हे करायला फार काही लागत नाही. Sales नावाच्या पानावर एका बिलाची एक ओळ असावी. A स्तंभात तारीख आणि E स्तंभात जीएसटी वगळून रक्कम. कर ग्राहकाकडून घेऊन सरकारला द्यायचा असतो, तो दुकानाची विक्री नव्हे. परत आलेल्या मालाची रक्कम उणे चिन्हाने लिहावी. दुकान बंद झाल्यावर रात्री दिवसभराची बिलं या पानावर भरावीत. दुपारी भरली तर अर्ध्या दिवसाची विक्री पूर्ण दिवसाची म्हणून दिसते आणि आलेखाचं टोक रोज खाली पडतं.

डॅशबोर्डच्या पानावर B1 मध्ये शेवटच्या बिलाची तारीख, B2 मध्ये यंदाचं लक्ष्मीपूजन आणि B3 मध्ये गेल्या वर्षीचं. B4 मध्ये तुलनेचा दिवस निघतो:

```
B1: =INT(MAX(Sales!A:A))
B4: =B1-(B2-B3)
```

दोन लक्ष्मीपूजनांमध्ये 383 दिवसांचं अंतर आहे, म्हणून 21 ऑक्टोबर 2026 ची जोडी 3 ऑक्टोबर 2025 शी लागते. मग 28 दिवसांची विक्री:

```
=SUMIFS(Sales!E:E, Sales!A:A, ">="&B1-27, Sales!A:A, "<"&B1+1)
```

गेल्या वर्षीसाठी हेच सूत्र, फक्त B1 च्या जागी B4. ही युक्ती श्रावणापासून दिवाळी संपेपर्यंत वापरावी. एरवी B4 मध्ये `=B1-364` पुरेसं आहे. 364 म्हणजे नेमके 52 आठवडे, त्यामुळे सोमवारची गाठ सोमवारशीच पडते. लग्नसराईचे मुहूर्तही वर्षागणिक हलतात, पण त्यांना लक्ष्मीपूजनासारखा एकच खुंटा नसतो. तिथे हा उपाय अपुरा पडतो हे मान्य करावं लागतं.

तीनच आकडे का?

नव्या सूत्राने त्याच दुकानाचं चित्र असं दिसतं. 28 दिवसांची विक्री 17.5 लाख, गेल्या वर्षी 16 लाख. 63 टक्के घट नाही, उलट 9 टक्के वाढ. सुटीचा फलक उतरवायला हरकत नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर दुसरी फसगत होते. विक्री म्हणजे बिलांची संख्या गुणिले सरासरी बिल. हे दोन घटक वेगळे दाखवले की वाढ कुठून आली ते कळतं. यंदा बिलं 350, गेल्या वर्षी 400. सरासरी बिल यंदा 5,000 रुपये, गेल्या वर्षी 4,000. म्हणजे रक्कम वाढली, पण बिलं साडेबारा टक्क्यांनी घटली. महागड्या पैठण्या जास्त गेल्या आणि शालीसाठी येणारे छोटे ग्राहक कमी झाले, असं झालं असण्याची शक्यता आहे. मालकाने आता चौकशी करावी ती या गोष्टीची. एकूण विक्रीच्या आनंदात ही घट कोणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणून पानावर विक्री, बिलं आणि सरासरी बिल हे तीन आकडे पुरतात, कारण ते एकमेकांना समजावून सांगतात. साठा, उधारी, कामगारांची हजेरी हे सगळं महत्त्वाचं असलं तरी त्यांचे निर्णय वेगळ्या वेळी होतात, त्यांना वेगळं पान द्यावं. बिलं मोजताना उणे रकमेच्या ओळी धरू नयेत, नाहीतर परत आलेली साडीही ग्राहक म्हणून मोजली जाते. सरासरीचा एक दोष मात्र लक्षात ठेवायला हवा. लाखभराची एकच पैठणी गेली तर 350 बिलांची सरासरी सुमारे 270 रुपयांनी वर जाते. सरासरीने अचानक उडी मारली की आधी त्या दिवसातलं सर्वांत मोठं बिल बघावं.

प्रत्येक आकड्याखाली लहान अक्षरांत गेल्या वर्षीचा आकडा असावा. नुसता '+9%' पुरेसा नाही, कारण तो कशाच्या तुलनेत ते दिसत नाही. 1750000 असा आकडा वाचताना डोळे शून्यं मोजत बसतात, त्याऐवजी '17.5 लाख' लिहावं. लाल-हिरव्या रंगावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. काही पुरुषांना या दोन रंगांतला फरक दिसत नाही, त्यामुळे सोबत वर-खाली बाण हवाच.

एकच आलेख, दोन रेषा

आलेखाचं काम आकड्यांना मागचा इतिहास देणं हे आहे. रोजची विक्री जशीच्या तशी काढली तर वारांमुळे करवतीचे दात दिसतात आणि कल दिसत नाही. प्रत्येक दिवशी मागच्या सात दिवसांची सरासरी घेतली की दात मोडतात. यंदाची रेषा जाड आणि गडद, गेल्या वर्षीची बारीक आणि करडी. आडव्या अक्षावर तारखा नकोत, 'लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस' हवेत. मग दोन्ही वर्षांचे दसरे एकाखाली एक येतात, आणि करडी रेषा पुढे जाऊन येणारी लाट किती उंच असू शकते हेही दाखवते. माल किती मागवायचा हे ठरवायला याहून चांगला आधार त्या पानावर दुसरा नसतो. रेषांची नावं बाजूच्या चौकटीत न ठेवता त्यांच्या टोकाशीच लिहावीत.

दुकान बंद होतं त्या दिवशी शून्य लिहायचं आणि बिलं भरायची राहिली असतील तर जागा रिकामी सोडायची. हा फरक पाळला नाही, तर विसरलेला दिवस मंदीसारखा दिसतो.

नजर कुठून कुठे जाते?

नीलसन नॉर्मन ग्रुपने 2006 साली 232 लोकांच्या नजरेचा माग घेऊन दाखवलं होतं की वेब पान वाचताना नजर आधी वरच्या भागात आडवी फिरते, मग थोडं खाली येऊन पुन्हा आडवी, आणि नंतर डाव्या कडेने खाली उतरते. मराठीही डावीकडून उजवीकडे वाचली जाते, म्हणून क्रम ठरवणं सोपं आहे: डावीकडे सर्वांत वर तारीख, तिच्याखाली सर्वांत मोठ्या अक्षरांत विक्री, तिच्या उजवीकडे मध्यम अक्षरांत बिलं आणि सरासरी, आणि खाली पूर्ण रुंदीचा आलेख. दुकानाचं चिन्ह, गणपतीचं चित्र, घोषवाक्य या गोष्टी डाव्या वरच्या कोपऱ्यात आल्या की सर्वांत मोलाची जागा रोज वाया जाते. या शहरात उर्दू वाचणारेही पुष्कळ आहेत. पान उर्दूत करायचं असेल तर मांडणी आरशासारखी उलटवावी आणि मुख्य आकडा उजवीकडे न्यावा. आकड्यातले अंक मात्र उर्दूतही डावीकडूनच लिहिले जातात.

बरेच दुकानदार हे पान फोनवर बघतात. तिथे आडवी जागा नसते, त्यामुळे विक्री, बिलं, सरासरी, आलेख हे एकाखाली एक लावावेत. क्रम तोच ठेवायचा. मांडणी जमली का, हे तपासायला पान कोणाला तरी पाच सेकंद दाखवून फोन पालथा ठेवावा आणि काय वाचलं ते विचारावं. त्याला विक्रीचा आकडा आणि तो वर गेला की खाली एवढं सांगता आलं नाही, तर पानावर काहीतरी जास्त आहे.

तारीख सर्वांत वर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून आलेली 05/10/2026 ही तारीख अमेरिकी सेटिंग असलेली शीट 10 मे अशी वाचते. 05/12/2026 चं बिल 12 मे होतं आणि 13/10/2026 तर तारीखच मानली जात नाही, नुसता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या बाजूला चिकटून बसते आणि बेरजेतून गायब होते. ऑक्टोबरच्या पहिल्या 12 दिवसांची विक्री अशी वर्षभरातल्या प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेवर विखुरते. पानाच्या डोक्यावर ऑक्टोबरातच '10 डिसेंबर' दिसलं, की समजावं झालं काय ते. `File > Settings > Locale` मध्ये `India` निवडून बिलं पुन्हा भरली की तारखा जागेवर येतात.