निळा ठिपका आणि निळं वर्तुळ

सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या मावशीने परवा फोन केला. "अगं, या नकाशाला मी कुठे आहे तेच कळेना! ठिपका गेला आणि नुसतं भलंमोठं वर्तुळ आलंय." तिला वाटलं, फोन बिघडला.

फोन धड होता. नवं ॲप टाकलं की तो ठावठिकाणा द्यायचा का, असं विचारतो आणि वर दोन चित्रं दाखवतो: एक Precise, दुसरं Approximate. म्हणजे नेमकी जागा की अंदाजे परिसर. अँड्रॉइडवर ही निवड २०२१ साली आली, आयफोनवर त्याच्या आदल्या वर्षी. मावशीने सावधगिरी म्हणून दुसरं निवडलं होतं.

अँड्रॉइडवर अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटर, ढोबळ मानाने एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. मावशीच्या घरापासून तेवढं मोजलं तर नदीपलीकडचं डेक्कनही त्यात येतं. त्यामुळे "जवळचं औषधाचं दुकान" शोधलं तर दुकानं दिसतील, पण अंतरं खोटी ठरतील. घराशेजारचं दुकान खाली जाईल आणि पुलापलीकडचं वर येईल. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" हे तर जमणारच नाही, कारण वळण आलं की नाही हे ॲपला कळत नाही. मग ते नेमकी जागा मागतं. मात्र निघायचं ठिकाण स्वतः टाइप केलं, तर रस्ता आणि लागणारा वेळ तरीही बघता येतो.

वर्तुळ मोठं दिसलं की दोष परवानगीचाच असतो, असंही नाही. चिंचोळ्या बोळात, तळघरात, जाड भिंतींच्या वाड्यात उपग्रहांचे संकेत नीट पोहोचत नाहीत, तेव्हाही ते फुगतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जा आणि मिनिटभर थांबा. वर्तुळ आक्रसलं तर संकेतांची अडचण होती. आहे तेवढंच राहिलं तर परवानगी तपासा. मावशी गच्चीवर जाऊन आली, वर्तुळ तसूभरही हललं नाही.

मग मी तिला फोनवरच सांगत गेले: सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात नकाशाचं ॲप, मग परवानग्या, मग लोकेशन. तिथे "Use precise location" हे बटण चालू केलं आणि ठिपका तिच्या बोळात येऊन बसला. आयफोनवर हेच बटण गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये, लोकेशन सर्व्हिसेसखाली त्या त्या ॲपच्या नावात सापडतं.

प्रत्येक ॲपची परवानगी वेगळी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. हवामानाच्या ॲपला सदाशिव पेठ आणि डेक्कन सारखंच, म्हणून तिथे अंदाजे ठेवायला मी आवर्जून सांगितलं. तिच्या घराचा दरवाजा कोणता, हे त्याला कशाला कळायला हवं? नकाशालाही "ॲप वापरत असतानाच" एवढीच मुभा दिली. त्याच संध्याकाळी ती नकाशाच्या भरवशावर कोथरूडच्या भाचीकडे गेली.