स्क्वॉटची खोली आणि घोट्याचा अडसर

साठी ओलांडल्यावर स्क्वॉटचा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती ‘किती खाली जायचे’ ही. चित्रफितींतील तरुण पार जमिनीलगत बसतात. भारोत्तोलनाच्या पॉवरलिफ्टिंग या प्रकारात तर खुब्याचा सांधा गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेल्याशिवाय स्क्वॉट ग्राह्य धरला जात नाही. परंतु तो स्पर्धेचा नियम आहे, आरोग्याचा नव्हे. घरातील ज्येष्ठांसाठी माप वेगळेच घ्यावे लागते : दिवसभरात ज्या आसनांवरून उठावे लागते, त्यांतील सर्वांत ठेंगणे आसन कोणते? जेवणाच्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते, कमोड बहुधा त्याहून थोडा ठेंगणा. या उंचीपर्यंत सावकाश खाली जाऊन हाताचा आधार न घेता उठता येत असेल, तर नवख्या व्यक्तीला तेवढी खोली आरंभासाठी पुरेशी समजावी.

‘सावकाश’ हा शब्द येथे महत्त्वाचा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे ती मागे सरकणार नाही. ज्येष्ठ व्यक्तीने पावले खांद्यांइतकी दूर ठेवून, हात पुढे करून खाली जावे आणि खुर्चीला केवळ स्पर्श करून वर यावे. काळजी घेणाऱ्याने बाजूला उभे राहून शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरांकडे लक्ष द्यावे. तेथे शरीर धपकन खाली पडत असेल, टाच उचलली जात असेल किंवा कंबर एकाएकी गोल होत असेल, तर ती खोली अजून त्या व्यक्तीच्या ताब्यात आलेली नाही. खुर्चीवर घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवून आसन उंच करावे. पाच वेळा सलग हीच हालचाल एकसारखी जमू लागली की एकेक घडी कमी करत जावे.

आता घोट्याकडे वळू. आपल्या तालमींतील पारंपरिक बैठक काढताना पहिलवान खाली जाताच टाचा उचलतो व चवड्यांवर तोल सांभाळतो. त्यामुळे घोटा किती वाकतो हा प्रश्न तेथे फारसा येत नाही. स्क्वॉटमध्ये मात्र संपूर्ण तळवा जमिनीवर राहतो. खाली जाताना नितंब मागे सरकतात. तोल पावलांवरच राहावा म्हणून गुडघे पुढे यावे लागतात आणि गुडघे पुढे येण्यासाठी नडगी पावलावर झुकावी लागते. हे झुकणे घोट्यातून होते. तेथेच अडथळा असेल, तर शरीर पळवाटा शोधते. धड अवाजवी पुढे वाकते, टाच उचलली जाते, किंवा पावलाची कमान आत कोसळून गुडघा आतल्या बाजूस वळतो. यांतील तिसरी पळवाट सर्वांत फसवी, कारण टाच जमिनीवरच दिसते आणि पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. ‘गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण गुडघ्याला बळेच मागे रोखले, तर तो भार कमरेकडे व खुब्याकडे सरकतो, हेही ध्यानात घ्यावे.

घोटा किती वाकतो हे घरी मोजता येते. अनवाणी पायाने भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हात भिंतीवर टेकावेत. एक पाऊल पुढे, अंगठ्याचे टोक भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर. दुसरे पाऊल मागे. पुढचा गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत वाकवून भिंतीला लावावा. टाच उचलली जाते का, हे डोळ्यांना चटकन कळत नाही. म्हणून मदतनिसाने टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून हलकेच ओढून पाहावी. पट्टी सुटली, तर टाच उचलली गेली. जमल्यास पाऊल सेंटिमीटर-सेंटिमीटरने मागे न्यावे आणि टाच टेकलेली असताना गुडघा भिंतीला लागणारे शेवटचे अंतर लिहून ठेवावे. साधारण दहा सेंटिमीटर अंतर चांगले मानतात. पाच-सहाच्या आत अडले, तर खोल बसताना घोटा आडवा येणार, असे समजावे. दोन पायांत दीड-दोन सेंटिमीटरांहून अधिक फरक असेल, तर त्याचीही नोंद घ्यावी.

मात्र अंतर कमी का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ताण कोठे जाणवतो यावरून कळते. पोटरीच्या खालच्या भागात मागून ओढ लागली, तर आखडलेला स्नायू अडवतो आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूस, पावलाच्या वरच्या घडीत चिमटा बसल्यासारखे वाटले, तर अडथळा सांध्यातच असण्याचा संभव अधिक : जुना अस्थिभंग, वारंवार मुरगळलेला घोटा, झीज.

एक उदाहरण घेऊ. सदुसष्ट वर्षांच्या एका गृहिणीचा उजवा घोटा बऱ्याच वर्षांपूर्वी मोडला होता व काही आठवडे प्लास्टरमध्ये होता. भिंतीच्या चाचणीत डावीकडे नऊ सेंटिमीटर अंतर भरले, उजवीकडे चार. ४५ सेंटिमीटरच्या खुर्चीपर्यंत त्यांची हालचाल निर्दोष होती. ३५ सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावर मात्र उजवी टाच उठे आणि सारा भार डाव्या पायावर सरके. मग दोन्ही टाचांखाली अडीच सेंटिमीटर जाडीची, न सरकणारी फळी ठेवली. त्या स्टुलापर्यंत समतोल गेल्या व उठल्याही. मांड्यांत शक्ती पुरेशी होती, अडसर घोट्याचाच होता, हे या एका कृतीने उघड झाले. (भारोत्तोलकांच्या बुटांची टाच उंच असते, तीही याच कारणाने.) फळी ठेवूनही खोली वाढली नसती, तर दुर्बलता, खुब्याचा ताठरपणा किंवा पडण्याची भीती यांकडे पाहावे लागले असते.

त्यांना चिमटा पुढच्या बाजूस जाणवत होता. अशा वेळी पोटरी ताणण्यात महिने घालवणे व्यर्थ, आणि जोर लावून गुडघा पुढे दाबणे तर अपायकारकच. त्यांच्यासाठी फळी कायम ठेवली गेली व सांध्याची हालचाल भौतिकोपचारतज्ज्ञांकडे सोपवली. चिमट्याऐवजी पोटरीत ओढ असती, तर मार्ग निराळा होता. स्क्वॉटमध्ये गुडघा वाकलेला असतो, म्हणून ताणही गुडघा वाकवूनच द्यावा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा, त्याची टाच जमिनीला लावून त्याच पायाचा गुडघा हळूहळू पुढे वाकवावा व अर्धा मिनिट थांबावे. दिवसातून तीन-चार वेळा, आठवड्यातले पाच दिवस. गुडघा सरळ ठेवून केलेला ताण पोटरीच्या वरच्या स्नायूला अधिक पोहोचतो. या कामी तो पुरा पडत नाही. फरक आठवड्यांनी दिसतो आणि तोही एक-दोन सेंटिमीटरांचा. भिंतीची चाचणी दर पंधरा दिवसांनी एकदा पुरे. रोज मोजण्यात अर्थ नाही.

खुब्याचा वा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, मणक्यांची हाडे ठिसूळ झाली असतील किंवा उठताना भोवळ येत असेल, तर किती खाली जायचे हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे, या लेखाने नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी उभे राहिल्यावर दोन श्वास थांबूनच पुढची बैठक सुरू करावी.