नाव न घेताही पेशंट ओळखू येतो

अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग परिषदांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ साली सोशल मीडियाबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातला एक प्रसंग नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असावा असा आहे. लहान मुलांच्या विभागात पोस्टिंगला असलेल्या एका विद्यार्थिनीकडे ल्युकेमिया झालेला तीन वर्षांचा मुलगा सोपवला होता. त्याची केमोथेरपी सुरू होती. मुलगा गोड आणि धीट, म्हणून तिला त्याचा फोटो काढावासा वाटला. आई खाली कॅन्टीनला गेलेली, तेव्हा तिने मुलालाच विचारले आणि तो लगेच हो म्हणाला. घरी गेल्यावर तिने तो फोटो फेसबुकवर टाकला. सोबत मुलाचे वय, आजार आणि उपचार लिहिले, आणि आपल्याला नर्स असल्याचा किती अभिमान वाटतो तेही लिहिले. तिने मुलाचे नाव दिले नव्हते. मात्र फोटोत मागे खोलीचा क्रमांक स्पष्ट दिसत होता.

ती पोस्ट त्याच रुग्णालयातल्या एका नर्सच्या पाहण्यात आली आणि तिने वरिष्ठांना कळवले. तीन दिवसांनी प्राचार्यांनी विद्यार्थिनीला बोलावून घेतले. तिला अभ्यासक्रमातून काढून टाकले गेले. रुग्णालयाने तिच्या कॉलेजला बालरुग्ण विभागाची दारे बंद केली, त्यामुळे इतर विद्यार्थ्यांची प्रशिक्षणाची जागाही गेली.

हेतू वाईट नव्हता, मग चुकले कुठे? पहिली चूक संमतीची. तीन वर्षांच्या मुलाचा होकार म्हणजे परवानगी नव्हे. दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. नाव वगळले की गोपनीयता राखली, असा तिचा समज होता. प्रत्यक्षात चेहरा, वय, आजार, खोली आणि तारीख हे तुकडे जोडले की नावाची गरज उरत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या आरोग्यविषयक गोपनीयता नियमांत ओळख पटवणाऱ्या गोष्टींची अठरा कलमी यादी आहे. नाव त्यातली फक्त एक गोष्ट. दाखल झाल्याची तारीख, फोन नंबर, केस पेपरचा नंबर आणि पूर्ण चेहऱ्याचा फोटोही त्याच यादीत येतात.

आपल्याकडे हे तुकडे आणखी लवकर जुळतात. समजा, तालुक्याच्या रुग्णालयात पोस्टिंगला असलेल्या मुलीने व्हॉट्सॲप स्टेटस ठेवले: ‘आज नाइटला विष घेतलेली मुलगी आली. लग्नाला दोनच महिने झालेले. जीव वाचला, देवाची कृपा.’ यात नाव नाही, गाव नाही, फोटोही नाही. पण तालुका लहान, आणि दोन महिन्यांपूर्वीचे लग्न सगळ्यांच्या लक्षात असते. शेजारीण सकाळी स्टेटस वाचते आणि दुपारपर्यंत माहेरी-सासरी चर्चा सुरू होते. स्टेटस चोवीस तासांनी जाते, स्क्रीनशॉट मात्र राहतो. अशा बाबतीत आपला कायदाही गप्प नाही. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती किंवा छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांतून उघड करायला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मनाई करतो. एचआयव्हीबाधितांच्या माहितीसाठी त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे.

‘आमचा ग्रुप फक्त वर्गाचा आहे’ ही सबबही टिकत नाही. केस प्रेझेंटेशनसाठी केस पेपरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की तो साठ फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो. अभ्यासाला लागतात ती लक्षणे, तपासण्या आणि शुश्रूषा. ती वहीत उतरवता येतात. नावाची आद्याक्षरे, नोंदणी क्रमांक आणि नेमकी तारीख गाळावी, आणि वय ‘तिशीतली स्त्री’ असे मोघम लिहावे.

ओळख पोस्टमधूनच उघडी पडते असे नाही, नात्यातूनही पडते. डिस्चार्जनंतर पेशंटची फ्रेंड रिक्वेस्ट येते. आपुलकीपोटी ती स्वीकारली आणि तिच्या फोटोखाली ‘ताई, आता टाके दुखत नाहीत ना?’ असे लिहिले, की तिचे ऑपरेशन झाल्याचे सगळ्या नातेवाइकांना कळते. पुढे रात्री-अपरात्री रिपोर्टचे फोटो येतात आणि ‘गोळी चालू ठेवू का?’ अशी विचारणा होते. विद्यार्थिनीची अजून नर्स म्हणून नोंदणी झालेली नसते. चुकीचा सल्ला गेला तर ती पेशंटला धोक्यात घालते आणि स्वतःही अडचणीत येते. ‘ताई, कॉलेजचा नियम आहे, रिपोर्ट घेऊन ओपीडीतच या,’ एवढे सांगणे पुरे.

आणि पोस्ट आधीच गेली असेल तर? ती लगेच काढा, पण गुपचूप काढून गप्प बसू नका. त्याच दिवशी ट्यूटरना किंवा वॉर्डच्या सिस्टरना सांगा. पेशंटच्या घरच्यांना हे बाहेरून कळण्याआधी रुग्णालयाकडून कळले पाहिजे.