चाळीसचा आकडा दोनदा येतो

दम्याचा जोराचा झटका आलेल्या माणसाच्या रक्ताची तपासणी केली आणि सगळे आकडे नॉर्मल आले, तर आनंद मानायचा की घाबरायचं? वैद्यकीय विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकात भेटतो, पण उत्तर अंगात भिनतं ते रात्रपाळीत, आणि पुष्कळदा शिकवणारी असते वॉर्डातली एखादी जुनी सिस्टर. पुढच्या गोष्टीतली माणसं कल्पित आहेत. आकडे आणि त्यांचा अर्थ मात्र कुठल्याही अतिदक्षता विभागात तंतोतंत असाच लागेल.

सरकारी रुग्णालयातली रात्र. एक इंटर्न, म्हणजे एमबीबीएसची परीक्षा पास झालेला पण सक्तीच्या एका वर्षाच्या सेवेत असलेला विद्यार्थी, मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात ड्यूटीवर. अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीतून बावीस वर्षांची मुलगी वर आली. लहानपणापासून दमा. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून पुढे झुकून बसलेली, मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होत होते. मिनिटाला छत्तीस श्वास. बोलताना दोन शब्दांनंतर थांबत होती. छातीतली शिट्टी स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येत होती.

रजिस्ट्रारने एबीजी करायला सांगितलं. शिरेतलं नव्हे, धमनीतलं रक्त घेऊन त्यातले वायू आणि आम्लता मोजायची ही तपासणी. शिरेतलं रक्त शरीराने वापरून परत पाठवलेलं असतं. फुप्फुसांनी काय काम केलं ते धमनीतच कळतं. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. आधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, तळहात पांढरा पडल्यावर करंगळीकडची धमनी सोडून, रंग परत येतो का ते पाहायला लावलं. एक धमनी दुखावली तरी दुसरी हात सांभाळेल याची ती खात्री. मग अंगठ्याच्या बाजूची नाडी बोटाखाली ठेवून सुई तिरपी आत. आर्टरीत सुई नीट बसली की दट्ट्या ओढावा लागत नाही, रक्त आपल्या दाबाने सिरिंजमध्ये चढतं. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा सिस्टरनी लगेच बाहेर काढायला सांगितला, कारण तो तसाच राहिला तर बाहेरची हवा रक्तात मिसळते आणि मशीन खोटं बोलतं. टोचलेली जागा पाच मिनिटं घट्ट दाबून धरायची, तेही इंटर्ननेच.

पहिला रिपोर्ट आला: पीएच ७.४८, कार्बन डायऑक्साइड ३०, बायकार्बोनेट २२, ऑक्सिजन ६०.

एबीजी वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याची नजर सगळ्यात आधी ऑक्सिजनकडे जाते. निरोगी माणसात तो ८० ते १००च्या दरम्यान असतो, इथे ६० म्हणजे कमी, लगेच मास्क लावायला हवा. ते बरोबरच होतं. पण सिस्टरनी बोट ठेवलं कार्बन डायऑक्साइडवर. "हा बघा. ऑक्सिजन आपण बाहेरून देतो, म्हणून त्याचा आकडा आपल्या हातातला. हा मात्र फक्त तिच्या श्वासानेच बाहेर जातो. ती किती हवा बाहेर टाकतेय, ते हाच सांगणार."

हे समजलं की निम्मं एबीजी समजलं. शरीरात कार्बन डायऑक्साइड सतत तयार होतो आणि बाहेर जायचा महत्त्वाचा रस्ता फुप्फुसं. श्वास जोरात चालला तर तो जास्त बाहेर पडून रक्तात कमी होतो. श्वास उथळ झाला की साठतो. नेहमीची पातळी ३५ ते ४५. पाण्यात मिसळल्यावर तो आम्ल बनवतो, म्हणून तो घटला की पीएच वर जातो आणि साठला की खाली येतो. पीएचची नेहमीची मर्यादा ७.३५ ते ७.४५. बायकार्बोनेट हे मूत्रपिंडांचं खातं. तिथे फरक पडायला दिवस लागतात, म्हणून तासाभरापूर्वी सुरू झालेल्या आजारात ते फारसं हलत नाही. मुलीचा ३० हा आकडा सांगत होता की श्वासनळ्या आवळल्या असल्या तरी ती दुप्पट जोर लावून हवा बाहेर ढकलतेय. झटक्याच्या सुरुवातीला असंच अपेक्षित असतं.

नेब्युलायझरने सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम, शिरेतून स्टेरॉइड, मास्कने ऑक्सिजन. रजिस्ट्रारला दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं आणि ते गेले. अडीच वाजता दुसरं एबीजी: पीएच ७.३९, कार्बन डायऑक्साइड ४१, बायकार्बोनेट २४, ऑक्सिजन ९२. एकाही आकड्यापुढे खूण नाही. श्वासही छत्तीसवरून चोवीसवर आलेले. छातीतली शिट्टी जवळजवळ गेलेली. इंटर्नने केसपेपरवर "सुधारणा" लिहायला पेन उघडलं.

सिस्टरनी विचारलं, "डॉक्टर, कर्जत स्टेशनवर गाडी उभी दिसली, तर ती पुण्याला निघाली की मुंबईला, नुसतं स्टेशन बघून सांगाल का?"

तीसवरून चाळीसकडे यायला दोन रस्ते आहेत. श्वासनळ्या मोकळ्या झाल्या, जोर लावायची गरज संपली, श्वास शांत झाला, तर कार्बन डायऑक्साइड चाळीसला येतो. आणि श्वासनळ्या तशाच आवळलेल्या, पण तासन्‌तास राबून छातीचे स्नायू थकले, तरीही तो चाळीसला येतो. पहिल्या रस्त्याने आलेला रुग्ण घरी जायच्या वाटेवर असतो. दुसऱ्याचा आकडा तासाभरात पन्नास, साठ होतो आणि मग श्वास बंद पडतो. कागदावर दोघं सारखेच. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच दम्याच्या झटक्यात कार्बन डायऑक्साइड नॉर्मल असणं हे जिवाला धोका असल्याचं लक्षण धरलं आहे.

मग रस्ता कोणता ते कळतं कुठून? सिस्टर इंटर्नला पलंगाशी घेऊन गेल्या. मुलीला नाव विचारलं. तिने मान हलवली, शब्द फुटला नाही. डोळे मिटत होते. कपाळावर घाम, नाडी मिनिटाला १४०. स्टेथोस्कोप लावला, तर दोन्ही बाजूंना जवळजवळ काहीच ऐकू येईना. शिट्टी वाजायलासुद्धा हवा आत-बाहेर जावी लागते, आणि ती जातच नव्हती. सुधारणा म्हणून जे जे लिहिलं जाणार होतं, ते सगळं थकव्याचं होतं. ऑक्सिजनचा ९२ हा आकडाही फसवा. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, या मास्कमधून साधारण ६० टक्के मिळत होता. निरोगी फुप्फुसांत तेवढ्यावर हा आकडा तीनशेच्या आसपास जायला हवा होता. मशीनला हे कुणी सांगितलं नाही तर ते ९२ शेजारी कसलीही खूण करत नाही.

"सरांना फोन करा," सिस्टर म्हणाल्या, "पण एबीजी नॉर्मल आहे असं सांगू नका. छत्तीसचा चोवीस झाला, तीसचा एक्केचाळीस झाला, छाती गप्प आहे आणि मुलगी झोपाळलीय, एवढंच या क्रमाने सांगा." फोन होईपर्यंत त्यांनी मामांना श्वासनलिकेत नळी घालायची ट्रे लावायला पाठवलं होतं. मुलगी अस्वस्थपणे मास्क ओढत होती, ते पाहून तिच्या आईने झोपेचं इंजेक्शन द्यायला सुचवलं. सिस्टरनी ठाम नकार दिला. असा रुग्ण तडफडतो तो हवेसाठी. झोप दिली तर उरलेला जोरही जातो.

गफलत नवीन नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडून रुग्ण पटापट दगावत होते. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप वाढलेलं यायचं आणि डॉक्टर त्याचा अर्थ रक्तात क्षार वाढलाय असा लावत होते. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने म्हटलं, हा क्षार नाही, हा बाहेर न गेलेला वायू आहे. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या घशात भोक पाडून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबत श्वास दिला, ती वाचली. मग यंत्रं अपुरी म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, पिशव्या दाबत बसले. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या पॉल अ‍ॅस्ट्रपने रक्ताचा पीएच मोजून हे सिद्ध केलं आणि पुढे ही तपासणी रोजच्या वापरात आणली. एबीजीचा जन्मच एका चुकीच्या वाचनातून झाला, हे विद्यार्थ्यांना पहिल्या तासालाच सांगायला हवं, असं मला वाटतं.

रजिस्ट्रार आले ते भूलतज्ज्ञाला बरोबर घेऊनच. मॅग्नेशियम सल्फेट दोन ग्रॅम, शिरेतून वीस मिनिटांत. नेब्युलायझर एकामागून एक. पंधरा मिनिटं वाट पाहायची, श्वास आणखी मंदावला किंवा मुलीने प्रतिसाद देणं थांबवलं तर नळी घालायची, असं ठरलं. दम्यात नळी टाकणं हा सोपा सुटकेचा मार्ग नव्हे. आवळलेल्या नळ्यांतून हवा आत ढकलता येते, पण बाहेर यायला वेळ लागतो, ती छातीत साठते आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून शक्य तोवर टाळतात, पण उशीरही करत नाहीत.

वीस मिनिटांनी सिस्टरनी इंटर्नला पुन्हा स्टेथोस्कोप लावायला सांगितला. शिट्टी परत आली होती, आधीपेक्षा मोठी. "आता बरं वाटलं मला," त्या म्हणाल्या. श्वास तीसवर गेला होता आणि मुलगी पाणी मागत होती. चार वाजताचं एबीजी: पीएच ७.४३, कार्बन डायऑक्साइड ३४, बायकार्बोनेट २२. आकडा नॉर्मलच्या खाली गेला आणि सगळ्यांना हायसं वाटलं, कारण तिच्यात जोर परत आल्याची ती खूण होती.

सकाळी आठला आणखी एक रिपोर्ट आला. पीएच ७.४१, कार्बन डायऑक्साइड ३९, बायकार्बोनेट २४. अडीच वाजताच्या कागदाशेजारी ठेवला तर वेगळा ओळखू येऊ नये. पण मुलगी आईशी पूर्ण वाक्यांत भांडत होती, श्वास अठरा, चहाचा कप स्वतः धरलेला. इंटर्नने रिपोर्टच्या कडेला श्वासाचा आकडा, मास्कमधल्या ऑक्सिजनचं प्रमाण आणि "पूर्ण वाक्य बोलते" असं हाताने लिहिलं, आणि अडीचच्या कागदावरही राहिलेल्या तीन गोष्टी भरल्या.

झटक्याचं कारण ड्यूटी संपताना कळलं. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप तिने दोन महिन्यांपासून बंद केला होता. पंपाची सवय लागते, असं घरात कुणीतरी म्हणालं होतं. दम लागला की घ्यायचा निळा पंप तेवढा चालू होता. सिस्टरनी दोन्ही पंप टेबलावर ठेवले. निळ्याने आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल होते, पण नळीच्या आतली सूज रोजच्या पंपानेच उतरते आणि तो फुप्फुसांपुरता, अगदी थोड्या मात्रेत जातो, हे त्यांनी आईला समजावलं. मग मुलीला पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, हळू आत ओढून, दहा आकड्यांपर्यंत रोखून दाखवायला सांगितलं. तिने भरभर ओढला. सिस्टरनी पुन्हा करायला लावलं.